ऑगस्टच्या वार्तापत्रानिमित्त : नॉमिनीचं नाव नोंदवलंत का?

सर्व सभासदांना नमस्कार.

श्रावणाच्या शुभेच्छा! टेरेसची गळती थांबली आहे, त्याचा हिशेब आत आहेच. या महिन्यात मात्र नामनिर्देशनाचं काम संपवायचं आहे.

गेल्या वर्षी एका सभासदांचं निधन झालं. नामनिर्देशन नव्हतं, त्यामुळे वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागल्या. शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं नाव लागायला कित्येक महिने गेले.

फॉर्म तीन प्रतींत भरायचा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंद झाल्यावर एक प्रत तुम्हाला परत मिळेल, ती शेअर सर्टिफिकेटसोबत ठेवा. पहिल्या वेळी शुल्क नाही, पुढच्या प्रत्येक बदलाला 100 रुपये. फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी फॉर्म द्या. लग्नाआधी आईचं नाव दिलेल्यांनीही एकदा तपासून घ्या.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरतं सभासद करून घेते, पण वारसांचा हक्क तसाच राहतो. म्हणून मृत्युपत्र वेगळं करावंच.

फॉर्म ऑफिसात मिळतील. रविवारी, 17 तारखेला सकाळी 10 ते 1 मी स्वतः तिथे आहे. ज्येष्ठांनी वॉचमनकडे निरोप ठेवावा, आम्ही घरी येऊ.

आपला,
सेक्रेटरी