विषय : सेटलिंग टाकीच्या भिंती वाढवण्याचा ठराव आणि तुरटीचा अंदाजपंचे डोस

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती

महोदय,

सप्रेम नमस्कार. याच विषयावरचे हे माझे चौथे पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांवर ‘नोंद घेतली’ असा शेरा मिळाला. नळाला मात्र अजूनही चहाच येतो. बी आणि सी विंगमधल्या बहुतेकांचे मत माझ्यासारखेच आहे. ते सभेत बोलत नाहीत, एवढेच.

आधी तुरटी. ऑपरेटर रोज 10 किलोची लादी टाकीत सोडतो. दिवसाच्या 72,000 लिटर पाण्याला हे प्रमाण लिटरमागे जवळपास 139 मिलिग्रॅम होते. 1 मिलिग्रॅम तुरटी पाण्यातली सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खाते. पावसाळ्यात आपल्या नदीच्या पाण्यात ती 60 च्या आसपासच असते. म्हणजे एवढ्या तुरटीने ती पुरती संपते, पीएच घसरतो आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात विरघळलेले राहून फिल्टरमधून निसटते. गच्चीवरच्या टाकीत नंतर दिसणारा पांढुरका साका ‘नदीचा’ नाही, आपलाच आहे. त्यात लादी एकसारखी विरघळत नाही, त्यामुळे सकाळी डोस कमी आणि दुपारी जास्त पडतो.

डोस ठरवायला जार टेस्ट लागते, अंदाज नव्हे. आपल्याच गोणीतली 10 ग्रॅम तुरटी 1 लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा 1 मिली 1 लिटर पाण्यात टाकला की डोस 10 मिलिग्रॅम होतो. सहा बीकरमध्ये 1-1 लिटर नदीचे पाणी घेऊन 2 ते 8 मिली असे चढते डोस एकाच वेळी टाका. एक मिनिट जोरात ढवळा, मग पंधरा मिनिटे अगदी संथ. इथे घाई केली की गाळाचे जुळलेले पुंजके फुटतात आणि पुन्हा नीट जुळत नाहीत.

गेल्या आठवड्यातल्या 320 एनटीयू गढूळपणाच्या पाण्यावर अर्ध्या तासाने 20 मिलिग्रॅमला 46, 30 ला 21, 40 ला 9, 50 ला 6 आणि 60 लाही 6 एनटीयू उरले. 80 ला पुन्हा 14. म्हणजे 50 पुरे. दिवसाला 3.6 किलो, दहा नाही. पाऊस वाढला, पाण्याचा रंग बदलला की टेस्ट पुन्हा करायची.

पण अर्ध्या तासाचा हा आकडा आपल्या टाकीला लागू नाही, आणि खरे दुखणे तिथेच आहे. टाकी 2 बाय 1.5 मीटरची, म्हणजे 3 चौरस मीटरची. पंप सहा तासांत सगळे पाणी ढकलतो, ताशी 12 घनमीटर. बाराला तीनने भागा : ताशी 4 मीटर. यापेक्षा संथ बसणाऱ्या पुंजक्यांपैकी बरेचसे पाण्याबरोबर फिल्टरवर जातात. हा वेग बीकरमध्येही तपासता येतो. 10 सेंटिमीटर खोलीवर नळी आधीच बांधून ठेवा आणि ढवळणे थांबल्यावर दीड मिनिटाने नमुना काढा. तो ताशी 4 मीटरचा. 50 च्या डोसला तो 74 एनटीयू निघाला. पाच मिनिटांनी काढलेला, म्हणजे ताशी 1.2 मीटरचा नमुना 11 निघाला. अकरा फिल्टर पेलतो. 74 ने तो दुपारपर्यंत चोंदतो आणि मग बॅकवॉशला पिण्याचे पाणी जाते.

भिंती मीटरभर वाढवल्याने हा 4 चा आकडा हलत नाही, कारण त्यात क्षेत्रफळ येते, खोली येत नाही. गाळाला जागा जास्त मिळेल, एवढेच. ठराव मांडणाऱ्यांनी हा भागाकार केला असता तर अंदाजपत्रक मागवावे लागले नसते.

टाकी मुळात चुकलेली नाही. ती चोवीस तासांच्या हिशेबाने बांधली होती. सहा तास झाले ते पंपाच्या आवाजाबद्दल सी-204 च्या मान्यवर सदस्यांनी केलेल्या तक्रारीमुळे. रात्री 45 डेसिबलचा नियम ते तोंडपाठ म्हणतात. आयएस 10500 मध्ये गढूळपणा 1 एनटीयू, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत, हेही लिहिले आहे. ते पान त्यांच्याकडे नसावे.

माझी मागणी साधी आहे. ताशी 3.6 घनमीटरचा छोटा पंप बसवून तो वीस तास चालवावा. टाकीतला वेग आपोआप 1.2 मीटर होतो. 3.6 किलो तुरटी 36 लिटर पाण्यात विरघळवून मिनिटाला 30 मिली थेंबथेंब सोडावी, तीही पंपाच्या तोंडाशी, म्हणजे ती तिथेच जोरात मिसळेल. छोट्या पंपाचा आवाजही आताच्यापेक्षा कमीच असेल.

सहा तासच हवे असतील, तर ताशी 12 घनमीटरला 10 चौरस मीटरची टाकी लागेल. पार्किंगचा एक स्लॉट 2.5 बाय 5 मीटरचा आहे. सी-204 चा पंपाला सर्वांत जवळचा आहे.

लेखी उत्तर सात दिवसांत मिळावे.

आपला,
सदस्य, बी विंग