शब्दामागे पैसे नव्हे, आठवड्यामागे अंक

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साप्ताहिकांतून ‘क्रमशः’ प्रसिद्ध झालेल्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांविषयीचा लेख वाचला. लेख रंजक आहे. मात्र या कादंबऱ्या पसरट आणि पाल्हाळिक का झाल्या, याचे जे उत्तर लेखकाने एका वाक्यात दिले आहे, ते वर्षानुवर्षे ऐकीव माहितीवर चालत आलेले आहे आणि चुकीचे आहे. चार्ल्स डिकन्सला शब्दामागे पैसे मिळत, म्हणून तो लांबण लावी, असे लेखात म्हटले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्याची पहिली साप्ताहिक कादंबरी ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ ज्या ‘मास्टर हम्फ्रीज क्लॉक’मधून आली, त्याच्या प्रत्येक अंकासाठी चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांकडून त्याला ठरावीक ५० पौंड आणि नफ्यातला निम्मा वाटा मिळत असे. अंकाची पाने ठरलेली होती, तेव्हा शंभर शब्द जास्त लिहून त्याच्या पदरात एक पेनीही अधिक पडणार नव्हती. उलट त्याची तक्रार नेमकी याच्या विरुद्ध होती. एक सुंदर कल्पना जागेअभावी कशीबशी दडपून बसवावी लागली, अंग वळवायलाही जागा नव्हती, अशा आशयाचे तो आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला त्या काळात लिहीत होता.

मग ही कादंबरी विस्कळीत का झाली? ती कादंबरी म्हणून सुरूच झाली नव्हती, हे याचे पहिले आणि मोठे कारण आहे. ४ एप्रिल १८४० रोजी साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा हम्फ्री नावाचा एक वृद्ध गृहस्थ आणि त्याचे मित्र जुन्या घड्याळाच्या पेटीत ठेवलेली हस्तलिखिते काढून एकमेकांना वाचून दाखवतात, असा त्याचा बेत होता. त्यात लहान गोष्टी, किस्से आणि पत्रे येणार होती. डिकन्सच्या नावावर पहिल्या अंकाच्या सुमारे ७०,००० प्रती खपल्या. पण सलग कादंबरी मिळणार नाही, हे लक्षात येताच वाचकांनी पाठ फिरवली आणि खप झपाट्याने घसरला. चौथ्या अंकात, २५ एप्रिलला, हम्फ्रीला रात्री रस्त्यात वाट चुकलेली एक लहान मुलगी भेटते आणि तो तिला जुन्या वस्तूंच्या अंधाऱ्या दुकानात तिच्या आजोबांकडे पोहोचवतो, असा एक प्रसंग आला. तीच पुढे नेल म्हणून प्रसिद्ध झाली. दुसरे प्रकरण यायला १६ मे उजाडला. मधल्या तीन आठवड्यांत त्या प्रसंगाची कादंबरी करायची असे ठरत गेले, आणि काही आठवड्यांत इतर सगळे बाजूला पडून ती एकटीच अंक भरू लागली.

याची खूण आजही पुस्तकात उघडी दिसते. पहिली तीन प्रकरणे हम्फ्री ‘मी’ म्हणून सांगतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, आता मी बाजूला होतो आणि पुढचे पात्रांनाच बोलू-वागू देतो, असे सांगून तो निघून जातो, तो कादंबरी संपेपर्यंत परत येत नाही. फिरणारा म्हातारा एका रात्रीचा प्रसंग सांगू शकतो. पण जिथे तो हजर नाही अशी शेकडो दृश्ये तो कशी सांगणार? पूर्ण हस्तलिखित हाताशी असते, तर लेखकाने पहिली तीन प्रकरणे निवेदक बदलून पुन्हा लिहिली असती. इथे ती छापून वाचकांच्या घरी गेलेली होती. कादंबरी संपल्यावर साप्ताहिकात डिकन्सने हम्फ्रीच्या तोंडी आणखी एक खुलासा घातला, की कथेत नेलचा शोध घेणारा अनामिक गृहस्थ म्हणजे मीच, नेलच्या आजोबांचा धाकटा भाऊ. पहिल्या प्रकरणात आजोबांना मुळीच न ओळखणारा हा माणूस त्यांचा सख्खा भाऊ कसा निघाला, हे कोणत्याही वाचकाला पटणे कठीण आहे. हे ठिगळ आहे, आणि ते ठिगळासारखेच दिसते.

दुसरी खूण फ्रेड या पात्रात आहे. हा नेलचा उनाड भाऊ. आजोबांकडे मोठा पैसा दडलेला आहे अशी त्याची समजूत असते, म्हणून आपला मित्र डिक स्विव्हेलर याचे लग्न पुढेमागे नेलशी लावून तो पैसा हडपण्याचा कट तो रचतो. सातव्या प्रकरणात हा कट इतक्या तपशिलाने येतो, की पुढची कादंबरी त्यावरच उभी राहणार असे वाटावे. पण बाराव्या प्रकरणाच्या शेवटी, जुगारात सगळे घालवून बसलेले आजोबा आणि नेल सावकार क्विल्पच्या तावडीतून पहाटे लंडन सोडून निघून जातात, आणि त्या कटाचा आधारच संपतो. फ्रेड जवळजवळ नाहीसा होतो. अगदी शेवटच्या प्रकरणात, बुडून मेलेल्यांची प्रेते ओळख पटवण्यासाठी जिथे ठेवतात त्या पॅरिसमधल्या जागी त्याचा देह एका परक्या माणसाने ओळखला, एवढ्यावर त्याला निकालात काढले आहे.

मात्र अशा सुटलेल्या धाग्यांकडे निव्वळ दोष म्हणून पाहिले, तर साप्ताहिक लेखनातली खरी गंमत हातची जाते. त्याच कटातला दुसरा भिडू स्विव्हेलर हाही खरे तर निरुपयोगी झाला होता. त्याला टाकून देण्याऐवजी डिकन्सने क्विल्पच्या मार्फत ब्रास या लबाड वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून बसवले. तिथे तळघरात अर्धपोटी ठेवलेली एक लहान मोलकरीण त्याला सापडते. तिला तो थट्टेने ‘मार्शनेस’ म्हणू लागतो. किट या निरपराध नोकराला चोरीच्या आरोपात अडकवण्याचा ब्रासचा डाव हीच पोरगी किल्लीच्या भोकाला कान लावून ऐकते, आणि किट त्यातून सुटतो तो तिच्यामुळे. सातव्या प्रकरणातला हा टवाळखोर अखेरीस कादंबरीतला सर्वांत जिवंत माणूस ठरतो, असे माझे मत आहे. ज्यांना नेलची पाने आज फार भावविवश वाटतात, तेही स्विव्हेलरची पाने आवडीने वाचतात.

आता उत्कंठेच्या जागांविषयी. आपल्या लेखकाने पसरटपणा हा दोष आणि हप्त्याच्या शेवटचा धक्का हे कसब, अशा दोन वेगळ्या वस्तू मानल्या आहेत. माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. नेल आणि आजोबा रस्त्याला लागल्यावर कथेचे दोन प्रवाह झाले, एक गावोगाव भटकणाऱ्या या दोघांचा आणि दुसरा लंडनमधल्या माणसांचा. एका प्रवाहातले माणूस संकटात टाकून तिथेच थांबायचे असेल, तर पुढच्या अंकात वाचकाला गुंतवायला दुसरा प्रवाह तयार लागतो. दुसरा प्रवाह म्हणजे आणखी पात्रे, आणि पात्रे आली की त्यांना उद्योग द्यावा लागतो. वाटेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे दोघे, कसरती कुत्री बाळगणारा, एक कनवाळू शाळामास्तर, मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन घेऊन फिरणाऱ्या मिसेस जार्ली अशी माणसे भेटतात आणि मागे पडतात. प्रवासाची कथा साप्ताहिकाला सोयीची असते, कारण नवे ठिकाण आणि नवे माणूस आले की मागचे फारसे आठवत नसलेल्या वाचकालाही तो अंक समजतो.

या भटकंतीतला तिसाव्या प्रकरणाचा शेवट पाहण्यासारखा आहे. खानावळीत रात्री नेलला जाग येते, तर एक आकृती अंधारात रांगत तिच्या खोलीत शिरलेली असते. ती आकृती तिचे पैसे चाचपून काढते आणि बाहेर पडते. नेल भीतीने गोठते, मग आजोबांच्या जिवाला धोका होईल म्हणून त्या आकृतीमागे जाते, ती आजोबांच्याच खोलीत शिरताना पाहते, आणि दारातून डोकावते तर आजोबा एकटेच टेबलाशी बसून तिचे चोरलेले पैसे मोजत असतात. प्रकरण तिथेच संपते. इथे ‘चोर कोण’ हा प्रश्न लेखकाने टांगणीला लावलेला नाही. त्याचे उत्तर दिलेले आहे, आणि त्या उत्तरानेच पुढचा, अधिक वाईट प्रश्न उभा केला आहे. आता ही मुलगी याच माणसाबरोबर उद्या कशी चालणार? निव्वळ माहिती दडवून ठेवण्यापेक्षा ही युक्ती वरच्या दर्जाची आहे, कारण पुढचे प्रकरण उघडल्यावर वाचकाला फसवले गेल्यासारखे वाटत नाही.

सर्वांत लांबचे टांगणे मात्र कोणत्याही एका हप्त्याच्या शेवटी नाही. पंचावन्नाव्या प्रकरणानंतर, चर्चजवळच्या खेड्यात खंगत चाललेल्या नेलला सोडून कथा लंडनला जाते आणि किटची अटक, खटला, सुटका आणि क्विल्पचे बुडून मरणे यांत अनेक आठवडे रमते. नेलने मरावे, ही सूचना फॉर्स्टरने कादंबरी अर्ध्यावर असताना केली होती. म्हणजे शेवट ठरला होता, पण वाचकाला तो ठाऊक नव्हता आणि ती मुलगी त्याच्या नजरेआड होती. सत्तराव्या प्रकरणाच्या अखेरीस किट बर्फातून त्या घरापाशी पोहोचतो, आतून विचित्र कण्हण्यासारखा आवाज येतो, दार ढकलल्यावर उघडते, भिंतींवर विस्तवाचा उजेड हलताना दिसतो आणि तो आत जातो. ६ फेब्रुवारी १८४१ रोजी कादंबरी संपली, तोपर्यंत खप १,००,००० पर्यंत गेला होता.

साप्ताहिक असले की कादंबरी सैल होणारच, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. वीस वर्षांनी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’मध्ये १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात ३६ हप्त्यांत आली. तिथेही घाई होतीच. साप्ताहिकात चालू असलेली दुसऱ्या लेखकाची कादंबरी खप खाली आणत होती, म्हणून मासिक हप्त्यांसाठी योजलेली आपली कल्पना त्याने साप्ताहिकाकडे वळवली. पण या वेळी कथेचा गाभा सुरुवातीपासून ठरलेला होता, आणि सांगणारा पिप अखेरपर्यंत एकटाच राहिला, त्यामुळे दुसऱ्या प्रवाहाकडे पळण्याची सोयच नव्हती. दुसऱ्या हप्त्याच्या शेवटी, कैद्यासाठी घरातले खाणे चोरलेला लहान पिप आता सगळे उघडकीला येणार म्हणून दाराकडे धावतो, तो थेट सैनिकांवर जाऊन आदळतो. त्यांतला एक जण बेड्या पुढे करून ‘चल, आटप’ म्हणतो. बेड्यांचे कुलूप बिघडले आहे आणि सैनिकांना लोहार हवा आहे, हे कळायला वाचकाला १५ डिसेंबरच्या अंकापर्यंत थांबावे लागले. पुस्तकात तेच कळायला एक पान उलटावे लागते.

शब्दामागे पैसे मिळत असल्याच्या विधानाची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, एवढी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक