श्वानपालक सभासदांसाठी सूचना: ‘आधी कधी चावला नाही’ एवढं पुरत नाही

गेल्या आठवड्यात लिफ्टचं दार उघडताच एका सभासदाचा कुत्रा बाहेर उभ्या असलेल्या कुरिअरवाल्याच्या पोटरीला चावला. पट्टा हातात होता, पण दोन मीटर सैल. मालक म्हणतात, ‘आधी कधी चावला नाही.’

कायदा देशोदेशी वेगळा. काही ठिकाणी कुत्रा चावला की मालक जबाबदार, त्याला स्वभाव माहीत असो वा नसो. इतरत्र दोन गोष्टी पाहतात: धोका मालकाला ठाऊक होता का, आणि त्याने पुरेशी काळजी घेतली का. ‘ठाऊक होतं’ म्हणायला आधी चावा झालेलाच हवा असं नाही. याच सभासदांनी दोन महिन्यांपूर्वी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘अनोळखी माणसावर धावतो, जपून.’ तो मेसेज आता त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो. कुत्र्याला डिवचलं असेल तर मालकाची जबाबदारी कमी होऊ शकते, पण लिफ्टची वाट पाहणं म्हणजे डिवचणं नव्हे!

चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायला लावा, लगेच डॉक्टरकडे न्या, कुत्र्याच्या लसीची नोंद दाखवा. कुत्रा 10 दिवस नजरेसमोर ठेवा. घाबरून कुठे पाठवून देऊ नका.