कर्णाची शक्ती आणि तिच्या अटी

प्रिय मन्या,

तुझं पत्र मिळालं. "कर्णाने इंद्राची शक्ती घटोत्कचावर वाया घालवली, हा शुद्ध गाढवपणा" असं तू ठोकून दिलं आहेस; अर्जुन दिसताच ती त्याच्यावर का फेकली नाही, असं विचारतोस. एरवी तुझ्याशी वाद घालायचा मला कंटाळा येतो, पण इथे गप्प बसवत नाही. शक्ती नावाचं ते शस्त्र कुठल्या अटींवर मिळालं होतं, हे तू विसरलास.

वनपर्वातलं कुंडलाहरण आठव. सूर्य आधी स्वप्नात येऊन कर्णाला सावध करतो: इंद्र ब्राह्मण बनून कवचकुंडलं मागायला येईल, देऊ नकोस. कर्ण ऐकत नाही म्हटल्यावर तो सांगतो, निदान बदल्यात त्याची अमोघ शक्ती तरी माग. कर्ण तसंच करतो. (कीर्तनात हे दान म्हणून रंगवतात, पण मुळात तो चक्क सौदा आहे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.)

इंद्र शक्ती देतो, पण हात राखून. माझ्या हातून सुटली की ती शेकडो शत्रू मारून माझ्याकडे परत येते, तुझ्या हातून मात्र एकाच बलाढ्य शत्रूला मारील आणि माझ्याकडे येईल, असं तो सांगतो. शस्त्र तेच, धरणारा बदलला की त्याची ताकद आटते. ही अट सगळ्यांना पाठ असते. दुसरी कोणी सांगत नाही: हाताशी इतर शस्त्रं असताना, जीव संकटात नसताना बेसावधपणे सोडलीस, तर ती तुझ्यावरच कोसळेल.

आता ही अट घेऊन रणांगणावर ये. अर्जुन समोर दिसला की पहिल्याच फटक्यात शक्ती फेकायची, ही तुझी योजना बादच होते. आधी कर्णाने हरत यायला हवं, बाकीची अस्त्रं निष्फळ व्हायला हवीत, प्राणांवर बेतायला हवं, आणि तेही अर्जुनासमोर. अर्जुनाच्या बाणांपुढे त्या अवस्थेला पोचल्यावर हातात किती क्षण उरतात? शिवाय कवच तर त्याने याच सौद्यात कापून दिलेलं. मला तर वाटतं, इंद्राने लेकाची खरी सोय या दुसऱ्या अटीत करून ठेवली होती.

आणि दिवस मोज. भीष्म सेनापती असेपर्यंत कर्ण लढलाच नाही, तो उतरला अकराव्या दिवशी. बाराव्या आणि तेराव्या दिवशी अर्जुनाला मारायची शपथ घेतलेल्या संशप्तकांनी त्याला दुसरीकडे ओढून नेलं. चौदाव्या दिवशी अर्जुन जयद्रथामागे होता, आणि त्याच रात्री शक्ती सुटली. त्या दिवशीही कृष्ण अर्जुनाला बजावत होता, की कर्णाकडे ती शक्ती आहे, इतक्यात त्याच्या अंगावर जाऊ नकोस.

त्या रात्री कृष्णानेच घटोत्कचाला कर्णावर सोडलं. रात्र म्हणजे राक्षसाचं बळ वाढलेलं, वर माया. कर्णाची अस्त्रं पुरेनात. घटोत्कचाच्या शतघ्नीने त्याच्या रथाचे चारही घोडे मेले, कौरवांची फळी फुटली आणि सैनिक ओरडू लागले, "कर्णा, शक्ती सोड, नाहीतर सकाळपर्यंत आपण उरतच नाही." अट तपासून बघ: शस्त्रं चालत नाहीत, जीव धोक्यात, शत्रू बलाढ्य. अक्षरन् अक्षर पुरी झाली. घटोत्कच पडतापडताही देह वाढवून कौरवसेनेचा एक मोठा तुकडा चिरडून गेला, आणि शक्ती इंद्राकडे परतली.

पांडव रडत असताना कृष्ण आनंदाने नाचला, हे तुला नेहमी खटकतं. मलाही खटकतं. पण नंतर तो सात्यकीला सांगतो, की ती शक्ती कर्णाकडे असेपर्यंत मला झोप नव्हती, मीच कर्णाला मोह पाडत होतो. तिकडे धृतराष्ट्रही संजयाला तुझाच प्रश्न विचारतो. संजय सांगतो, रोज रात्री आम्ही कर्णाला म्हणायचो, उद्या अर्जुनावर सोड, आणि सकाळ झाली की दैवाने सगळेच विसरायचे. मला हे उत्तर पांगळं वाटतं. दुसऱ्या अटीचं नाव संजय काढतच नाही.

पुढच्याच दिवशी अश्वत्थाम्याच्या नारायणास्त्राची गत बघ. कृष्ण सगळ्यांना शस्त्रं टाकून रथाखाली उतरायला लावतो आणि अस्त्र शांत होतं. दुर्योधन म्हणतो, पुन्हा सोड. अश्वत्थामा हात झटकतो: हे दुसऱ्यांदा वापरता येत नाही, वापरणाऱ्यावरच उलटतं. इथेही शत्रूला अट ठाऊक होती, म्हणून तो वाचला.

तेव्हा कर्णाला गाढव म्हणायचं असेल तर सौदा करताना त्याने दुसरी अट मान्य का केली, यासाठी म्हण. त्यावर माझ्याकडेही उत्तर नाही, तुझं असेल तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगू