सूचना: साहेबांच्या निरोपाच्या कार्डाबद्दल

सर्वांना नमस्कार. साहेब शुक्रवारी निवृत्त होत आहेत. कार्डासाठीचा मजकूर बुधवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्यावा.

आलेल्या बहुतेक मजकुरांत 'प्रेमळ', 'वडिलांसारखे' असं लिहिलंय. साहेब ते वाचून नुसती भुवई उंचावतील, हे आपल्याला ठाऊक आहे. केबिनमध्ये जाण्याआधी आपण एकमेकांना 'मूड कसा आहे?' असं विचारायचो. ते लपवू नका, पण तेवढ्यावर थांबूही नका. एकच प्रसंग घ्या आणि त्यामुळे आपल्या कामात काय बदललं ते लिहा. नमुन्यादाखल माझा मजकूर:

'सर, सुरुवातीला तुमची भीती वाटायची. अहवालातल्या बेरजा तुम्ही स्वतः पुन्हा करायचात आणि चुकलेल्या आकड्याला लाल गोल करून कागद न बोलता परत द्यायचात. तो अबोला जड जायचा. कधीतरी एखादा बरा शब्द हवा होता. पण वरिष्ठांच्या बैठकीत त्याच अहवालावर प्रश्न आले, तेव्हा "आकडे मी तपासलेत, जबाबदारी माझी" असं तुम्हीच म्हणालात. आता कागद पुढे पाठवण्याआधी मी बेरीज खालून वर पुन्हा करतो. निवृत्तीच्या मनापासून शुभेच्छा. सकाळी खुशाल उशिरा उठा, लेटमार्क लागणार नाही.'

जुने हिशेब चुकते करायची जागा कार्ड नव्हे. चारचौघांत झालेला अपमान अजून सलत असेल, तर तो प्रसंग सोडा. दुसरा आठवतच नसेल तर साध्या शुभेच्छा आणि सही पुरे. ओढूनताणून कौतुक नको. आणि आपण ठेवलेलं ते टोपणनाव कार्डावर कुणीही लिहू नये, गमतीतसुद्धा.