अनघा आणि सुदेश यांच्या निरोपाबद्दल बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

फोंड्याला आपल्याकडे ठेवलेले माझ्या कथेचे हस्तलिखित समासातल्या पेन्सिलीच्या टिपांसह परत मिळाले. एकमेकांवर जीव असलेली अनघा आणि सुदेश ही दोन भली माणसे वेगळी होतात, तो प्रसंग आता उभा राहिला आहे आणि ते आपल्यामुळे घडले आहे. कोणालाही खलनायक न ठरवता ताटातूट लिहू पाहणाऱ्यांना आपल्या टिपांचा उपयोग व्हावा, म्हणून हे आभार जाहीरपणे मानते आहे.

आपली पहिली टीप एका प्रश्नाची होती: एखादा फोन, एखादी माफी किंवा बदलीचा हुकूम आला, तर ही दोघे पुन्हा एकत्र येतील का? येणार असतील, तर ते वेगळे झालेले नसून केवळ अडलेले आहेत. या प्रश्नापुढे अनघाच्या आईचा विरोध टिकला नाही, सुदेशने लपवलेले कर्जही टिकले नाही. दोन्ही काढून टाकल्यावर एकच कारण उरले: सुदेशला मूल हवे आहे आणि अनघाला नको आहे. दोघांचेही म्हणणे रास्त आहे आणि यात मधली वाट निघत नाही.

हे कारण निरोपाच्या प्रसंगात पहिल्यांदा सांगितले, तर वाचकाला ती निव्वळ माहिती वाटेल, असे आपण बजावलेत. म्हणून बऱ्याच आधी, सावई-वेऱ्याच्या कुळागरात, सुदेश पुतणीला पाटाचे पाणी वळवायला शिकवतो. मातीचा बांध कुठे फोडायचा आणि सुपारीच्या आळ्यात पाणी भरले की तो हाताने पुन्हा कसा लिंपायचा, हे तो तिला दाखवतो. पोरगी चिखलाने माखते, तो हसत राहतो आणि अनघा पोफळीला टेकून पाहत असते. त्या प्रसंगात तिला एकही वाक्य न देण्याचा आपला आग्रह किती योग्य होता, हे पुढची पाने लिहिताना कळले.

खरे वळण मात्र आपल्या दुसऱ्या टिपेने दिले. भली माणसे आधी स्वतःचे सोडायला निघतात, म्हणून त्यांच्या निरोपात दोन त्याग पुढे यायला हवेत आणि दोन्ही नाकारले जायला हवेत, असे आपण लिहिले होते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत सुदेश म्हणतो, "नको आपल्याला मूल. मला चालेल." अनघा उत्तर देते, "त्या दिवशी पाटावर मी तुला पाहिलंय. तुझ्याकडून एवढं मी घेणार नाही." मग तीच कच खाते आणि म्हणते, "दोन वर्षं थांबू या, कदाचित माझं मन बदलेल." त्यावर तो म्हणतो, "मी रोज वाट बघेन आणि ते तुला रोज दिसेल." इथे नकार हाच चांगुलपणाचा पुरावा ठरतो. त्यामुळे "तुला माझ्यापेक्षा चांगलं कोणी मिळेल" यासारखी वाक्ये आपोआप गळून पडली. अशा वाक्यांना बोलणाऱ्याचा चेहराच नसतो, ती कोणाच्याही तोंडी बसतात.

नावे झाकून संवाद वाचण्याची आपली कसोटीही मोलाची ठरली. दोघे सारख्याच हळुवार, पूर्ण वाक्यांत बोलू लागले की तो लेखकाचा आवाज असतो. आता सुदेश तुटक बोलतो आणि विषय कुळागराकडे नेतो. अनघा नेमके बोलते, पण एका जागी तिचे वाक्य अर्धवट राहते आणि ते मी मुद्दामच पुरे केलेले नाही.

शेवटी मिरीची पुडी. दरवर्षीप्रमाणे सुदेशने अनघाच्या आईसाठी कुळागरातली काळी मिरी आणली आहे. ती अनघाने घ्यावी की नाही, यावर आपण समासभर लिहिले होते. नाकारली तर ती कठोर वाटते आणि नुसती घेतली तर दार किलकिले राहते. आपण सुचवल्याप्रमाणे ती पुडी घेते आणि सांगते, "आईला मी सांगेन. तू फोन करू नकोस." चांगुलपणाने सीमाही आखायला हवी, नाहीतर वाचक पुढच्या पानावर त्यांच्या भेटीची वाट पाहत बसतो. एका गोष्टीत मात्र मी आपले ऐकलेले नाही. धक्क्यावर उतरल्यानंतर सुदेश तिला स्कूटरने घरी सोडतो, हा परिच्छेद आपल्याला जास्तीचा वाटला होता. तो मी ठेवला आहे, कारण निर्णय झाल्यावरही तिच्या घरी पोहोचण्याची काळजी त्याने केली नसती, तर तो मला सुदेश वाटला नसता.

सुधारलेली प्रत या पत्रासोबत पाठवते आहे. फेरीबोटीतला संवाद कुठे लांबला असेल, तर पेन्सिल चालवायला संकोच करू नये, ही विनंती. आपण दिलेल्या वेळेबद्दल आणि प्रत्येक ओळीकडे पुरवलेल्या लक्षाबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

आपली विद्यार्थिनी