बुधवारी लसीकरण : तापाचं औषध चमच्याने देऊ नका

सर्व माता आणि आज्यांनो, येत्या बुधवारी सकाळी १० वाजता अंगणवाडीत दीड ते दोन वर्षांच्या लेकरांना बूस्टर आहे. त्या रात्री ताप येऊ शकतो. येताना लसीकरण कार्ड आणि घरातली पॅरासिटामॉलची बाटली आणा. लेकराचं वजन करून औषधाचं माप कार्डावर लिहून देऊ.

माप वजनावर ठरतं, वयावर नाही. एका वेळी किलोमागे १५ मिलीग्राम, म्हणजे १० किलोच्या लेकराला १५० मिलीग्राम. आता बाटलीवरचा मिलीग्रामचा आकडा पाहा; याच १० किलोच्या लेकराला:

- ५ मिलीमध्ये १२५ असेल तर ६ मिली
- ५ मिलीमध्ये २५० असेल तर ३ मिलीच
- १ मिलीमध्ये १०० वाले थेंब असतील तर दीड मिली

बाटली बदलली की माप बदलतं. घरातले चमचे तर सारखे नसतातच; पोह्याच्या चमच्यात किती मावतं ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. म्हणून मेडिकलमधून बिनसुईची, मिलीच्या रेघांची सिरिंज घ्या.

बाटली हलवा, औषध ओढा, बुडबुडा काढा, रेघ डोळ्यासमोर धरून वाचा. लेकराला बसवून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, घशात नाही.

दोन डोसांत ६ तास ठेवा, दिवसरात्र मिळून चारच. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, दोन्ही सोबत देऊ नका.

लेकरू सुस्त पडलं, पीत नसेल, झटका आला किंवा जास्त औषध गेलं, तर लगेच दवाखान्यात न्या.

— आशाताई